गैरहजेरीची नोटीस: मसुद्यातील वस्तुस्थिती आणि निष्कर्ष

कारणे दाखवा नोटीस म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्तनाबाबत कार्यालयाच्या अभिलेखात असलेली माहिती त्याच्यासमोर लेखी मांडून, तिच्या आधारे योजलेली कारवाई का करू नये याचे कारण त्याने ठरावीक मुदतीत द्यावे, असे कळवणारे पत्र होय. महाराष्ट्र शासनाच्या तालुका पातळीवरील कार्यालयांत या नोटिशीचा मसुदा बहुधा आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका, रजा, वेतन आणि सेवापुस्तके यांचे काम पाहणाऱ्या शाखेत तयार होतो आणि टिपणीसह कार्यालयप्रमुखांच्या स्वाक्षरीसाठी जातो. मसुदा लिहिणारा लिपिक आणि ज्याच्या नावे नोटीस निघते तो कर्मचारी अनेकदा एकाच दालनात बसणारे असतात, आणि गैरहजर माणसाच्या टेबलावरचे काम मधल्या काळात त्याच लिपिकाकडे किंवा त्याच्या शेजाऱ्याकडे आलेले असते. त्यामुळे या मसुद्यात राग शिरण्याची वाट आधीपासून मोकळी असते, आणि तो राग बाहेर ठेवणे हे या कामातील सर्वांत अवघड कौशल्य ठरते.

अडचणीचे मूळ मात्र रागापेक्षा खोल आहे. कर्मचारी अमुक दिवशी कार्यालयात नव्हता ही बाब नोंदींवरून दाखवता येते, पण तो का नव्हता ही बाब बहुतेक वेळा कार्यालयाला ठाऊक नसते, आणि शिस्तभंगाच्या दृष्टीने निर्णायक असते ती हीच दुसरी बाब. कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे स्पष्ट केले की, अर्ज किंवा पूर्वपरवानगी नसलेली गैरहजेरी अनधिकृत ठरू शकते, परंतु ती प्रत्येक वेळी जाणूनबुजून केलेली असते असे नाही. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळेही माणूस कामावर येऊ शकत नाही, आणि गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याखेरीज तिला गैरवर्तन म्हणता येत नाही. याचा मसुद्यावर होणारा परिणाम सरळ आहे. नोटिशीतच ‘आपण हेतुपुरस्सर गैरहजर राहिलात’ असे लिहिले, तर चौकशीअंती ठरवायची गोष्ट विचारणा करण्याआधीच ठरवून टाकल्यासारखे होते. ओरिक्स फिशरीज प्रकरणात २०१० मध्ये न्यायालयाने हाच दोष दाखवला होता: नोटिशीतूनच दोष निश्चित झाल्याचे दिसत असेल, तर उत्तर देण्याची संधी केवळ औपचारिक उरते.

हे सर्व प्रत्यक्ष मसुद्यात कसे उतरते ते पाहण्यासाठी पुढे एक प्रकरण तपशिलाने मांडले आहे. अशा प्रकरणांत नेहमी आढळणाऱ्या बाबी त्यात एकत्र केल्या असल्याने ते कोणत्याही एका कार्यालयाचे किंवा व्यक्तीचे नाही. तारखा २०२३ च्या दिनदर्शिकेनुसार घेतल्या आहेत.

तालुका पातळीवरील एका कार्यालयातील लिपिकाच्या नावासमोर हजेरीपटात पुढील दिवस कोरे होते: ५ ते ७ जून, १९ ते २१ जून, १० ते १४ जुलै, आणि १४ व १७ ऑगस्ट. कोऱ्या रकान्यांची बेरीज तेरा भरते, आणि आस्थापना शाखेत आलेल्या पहिल्या मसुद्यात हीच बेरीज घेऊन असे वाक्य तयार झाले होते: ‘आपण वारंवार तोंडी समज देऊनही सवयीने व हेतुपुरस्सर तेरा दिवस विनापरवानगी गैरहजर राहून कर्तव्यात अक्षम्य कसूर केला असून आपणास शासकीय सेवेची कोणतीही कदर नसल्याचे दिसून येते.’ असे वाक्य सरकारी कागदात इतके रुळलेले आहे की वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखे काही वाटत नाही. ते तपासण्याची रीत अशी की, वाक्यातील प्रत्येक विधान सुटे करावे आणि त्याच्यासमोर त्याला आधार देणारा कागद नस्तीत कोणत्या पानावर आहे हे लिहावे. नस्ती म्हणजे त्या विषयाचे सर्व कागद क्रमाने लावलेली फाईल.

तशी तपासणी केली असता ‘तेरा दिवस’ हे पहिलेच विधान डळमळले. हजेरीपट हा एकच अभिलेख कधीही पुरेसा नसतो, कारण कोरा रकाना इतकेच सांगतो की त्या दिवशी सही झाली नाही. म्हणून त्याच्याबरोबर आणखी तीन ठिकाणे पाहावी लागतात: बायोमेट्रिक हजेरीची नोंद, हालचाल नोंदवही, म्हणजे कार्यालयीन कामासाठी बाहेर पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची नोंद ठेवणारे पुस्तक, आणि आवक नोंदवही, जिच्यात कार्यालयाकडे आलेला प्रत्येक कागद, रजेचा अर्ज धरून, तारीख आणि क्रमांकासह चढवला जातो. या प्रकरणात हालचाल नोंदवहीत २१ जून रोजी त्याच लिपिकाला मासिक माहिती घेऊन जिल्हा कार्यालयात पाठवल्याची नोंद सापडली. तो घरून थेट तिकडे गेला असल्याने त्या दिवशीचा रकाना कोरा राहिला होता. तो दिवस वगळल्यावर बारा दिवस उरले. हा एक दिवस नोटिशीत राहिला असता, तर कर्मचाऱ्याच्या उत्तराचा पहिला परिच्छेद त्याच्यावर खर्ची पडला असता आणि उरलेल्या बारा दिवसांच्या नोंदीही तितक्याच निष्काळजीपणे घेतल्या असाव्यात, असा संशय वाचणाऱ्याच्या मनात रुजला असता.

‘वारंवार तोंडी समज’ या विधानाला नस्तीत काहीच आधार नव्हता. कार्यालयप्रमुखांनी त्याला दोनदा बोलावून सांगितले होते हे दालनातील सर्वांना माहीत होते, परंतु त्याची तारीख, शब्द किंवा पोच कुठेही नव्हती. त्याऐवजी नस्तीत एक ज्ञापन होते. ज्ञापन म्हणजे वरिष्ठाने कर्मचाऱ्याला दिलेले आणि सहसा खुलासा मागणारे छोटे कार्यालयीन पत्र. ते २२ जून रोजी निघाले होते, २३ जून रोजी ते मिळाल्याची लिपिकाची सही होती, आणि तीन दिवसांत मागितलेला खुलासा आवक नोंदवहीत दिसत नव्हता. तोंडी समजेचे वाक्य काढून त्या जागी या ज्ञापनाची तारीख, जावक क्रमांक आणि पोच यांचा उल्लेख केल्यावर मसुदा सौम्य झाला असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तो अधिक बळकट झाला, कारण नाकारता येण्याजोग्या विधानाच्या जागी नाकारता न येणारा कागद आला.

उरलेले शब्द, म्हणजे ‘सवयीने’, ‘हेतुपुरस्सर’, ‘अक्षम्य’ आणि ‘कदर नसल्याचे’, यांना कागद असूच शकत नाही. त्यांतील पहिले दोन निष्कर्ष आहेत, तिसरा शिक्षेच्या प्रमाणाविषयीचे मत आहे आणि चौथा माणसाच्या स्वभावाविषयीचा शेरा. ‘सवयीने’ हा शब्द काढताना शाखेत नेहमी असा आक्षेप निघतो की, तो गेला तर प्रकरणाचा गाभाच जातो, कारण कारवाई एखाद्या दिवसासाठी नसून पुनःपुन्हा घडणाऱ्या प्रकारासाठी आहे. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर विशेषणात नाही. पुनरावृत्ती दाखवायची असेल तर प्रसंग क्रमाने मांडावेत. चार प्रसंग, त्यांच्या तारखा, त्या प्रत्येकाच्या आधी अर्ज नव्हता आणि नंतरही आला नाही ही नोंद, आणि मध्येच दिलेले ज्ञापन असे सर्व एकाखाली एक आले की पुनरावृत्ती वाचणाऱ्याला आपोआप दिसते आणि ती कुणाच्या तरी मताप्रमाणे समोर येत नाही.

या मांडणीसाठी नोटिशीसोबत विवरणपत्र, म्हणजे रकान्यांत भरलेला तपशील, जोडणे सोयीचे जाते. त्यात अनुक्रमांक, दिनांक, कामाचे दिवस, हजेरीपटातील नोंद, रजेचा अर्ज आला किंवा नाही, आणि शेरा इतके रकाने पुरतात. सुट्ट्यांचा प्रश्न इथे हमखास उद्भवतो. ऑगस्टमधील प्रसंगात १४ तारखेचा सोमवार आणि १७ तारखेचा गुरुवार हे गैरहजेरीचे दिवस होते आणि मधल्या दोन दिवशी स्वातंत्र्यदिनाची व पारशी नववर्षाची सार्वजनिक सुट्टी होती. हा प्रसंग ‘१४ ते १७ ऑगस्ट, चार दिवस’ असा लिहिला तर सुट्टीच्या दिवशी हजर न राहिल्याचा ठपका ठेवल्यासारखे होते. अशा मधल्या सुट्ट्या पुढे रजेच्या हिशोबात कशा धरायच्या हा रजा नियमांचा वेगळा प्रश्न आहे. नोटिशीत मात्र कामाचे दोन दिवस मोजून शेऱ्याच्या रकान्यात ‘१५ व १६ ऑगस्ट सार्वजनिक सुट्टी’ इतके लिहिणे पुरेसे आणि निर्विवाद असते.

‘अर्ज दिला नाही’ आणि ‘अर्ज प्राप्त झालेला दिसून येत नाही’ या दोन वाक्यांतील फरक शब्दांच्या चवीचा नसून माहितीच्या मर्यादेचा आहे. कार्यालयाला आपल्या आवक नोंदवहीत काय आहे इतकेच ठाऊक असते. कर्मचाऱ्याने अर्ज सहकाऱ्याच्या हाती दिला, टेबलावर ठेवला की मुळीच लिहिला नाही, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून माहिती जिथे थांबते तिथेच वाक्य थांबवणे योग्य ठरते. तपासणीनंतर मसुद्याचा मुख्य परिच्छेद असा झाला:

‘कार्यालयाच्या हजेरीपटानुसार आपण सोबतच्या विवरणपत्रात नमूद केलेल्या चार प्रसंगी एकूण १२ कामाच्या दिवशी कार्यालयात उपस्थित नसल्याचे दिसून येते. सदर दिवसांकरिता रजेचा अर्ज अथवा पूर्वसूचना कार्यालयाच्या आवक नोंदवहीत आढळून येत नाही. जून महिन्यातील गैरहजेरीबाबत आपणाकडून दिनांक २२ जून २०२३ च्या ज्ञापनान्वये खुलासा मागवण्यात आला होता. ते ज्ञापन आपणास दिनांक २३ जून २०२३ रोजी प्राप्त झाले असून आपला खुलासा या कार्यालयास प्राप्त झालेला दिसून येत नाही.’

या परिच्छेदात एकही विशेषण नाही आणि कर्मचाऱ्याला दोषी ठरवणारा एकही शब्द नाही, तरीही त्यातील एकही वाक्य पुसट नाही. मसुदा तटस्थ करताना दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोकाही असतो. ‘आपल्या उपस्थितीबाबत काही बाबी निदर्शनास आल्या आहेत’ अशी गुळमुळीत भाषा वापरली, तर ज्याला उत्तर द्यायचे त्याला नेमके कशाचे उत्तर द्यायचे हेच कळत नाही, आणि अशी नोटीस आक्रमक नोटिशीइतकीच सदोष ठरते. नेमकेपणा आणि तटस्थता यांचा एकमेकांशी विरोध नाही.

पुढचा भाग नियमांच्या उल्लेखाचा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांच्या नियम ३ मध्ये कर्तव्यपरायणता राखण्याची अपेक्षा आहे, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांनुसार रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही. त्यामुळे खात्यावर रजा शिल्लक आहे एवढ्याने मंजुरीविना घेतलेला दिवस नियमित होत नाही. मसुद्यात हे नियम ‘भंग केला आहे’ अशा ठाम क्रियापदाने न आणता, ‘वरील बाबी खऱ्या असल्यास त्या नियमांशी विसंगत ठरतात’ अशा सशर्त रचनेने आणले, तर नियम सांगितला जातो आणि निर्णय मात्र मोकळा राहतो.

त्यानंतर प्रस्तावित कारवाई सांगावी लागते, आणि इथे स्वाक्षरी करणाऱ्याच्या अधिकाराची सीमा पाहणे आवश्यक असते. पहिल्या मसुद्याचा शेवट ‘आपणास सेवेतून बडतर्फ का करण्यात येऊ नये’ असा होता. परंतु या लिपिकाची नियुक्ती करणारा प्राधिकारी जिल्हा पातळीवरचा होता, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार नियुक्ती प्राधिकाऱ्याहून खालचा अधिकारी बडतर्फीचा आदेश देऊ शकत नाही. शिवाय त्यासाठी दोषारोप ठेवून रीतसर चौकशी व्हावी लागते. जी शिक्षा आपण देऊ शकत नाही तिची धमकी दिल्याने नोटीस कठोर होत नाही, ती अज्ञान उघड करते. म्हणून शेवट असा बदलला गेला की, या गैरहजेरीबाबत महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये कारवाईचा प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे का सादर करू नये, याचा लेखी खुलासा नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत आवश्यक कागदपत्रांसह सादर करावा. ही नोटीस पुढच्या टप्प्याची जागा घेत नाही, हेही मसुदा लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे लागते. ठपका ठेवणे किंवा वेतनवाढ रोखणे यांसारखी किरकोळ शिक्षा द्यायची झाली, तरी त्याच नियमांच्या नियम १० नुसार सक्षम प्राधिकाऱ्याला आरोपाचा तपशील कळवून म्हणणे मांडण्याची संधी पुन्हा द्यावी लागते.

त्या बारा दिवसांचे वेतन आणि रजा यांचा प्रश्न मसुद्यात जाणीवपूर्वक वेगळ्या परिच्छेदात ठेवला गेला. गैरहजेरीचा काळ कोणत्या रजेत धरायचा की विनावेतन ठेवायचा हा हिशोबाचा निर्णय आहे आणि शिस्तभंगाचा निर्णय त्याहून निराळा आहे. दोन्ही एका वाक्यात आले की वेतन कापणे हीच शिक्षा असल्याचा समज होतो आणि पुढे त्यावरून वाद निघतो. मागील वर्तनाचाही असाच प्रश्न असतो. या कर्मचाऱ्याला काही वर्षांपूर्वी एकदा ताकीद मिळाली होती आणि ती सेवापुस्तकात नोंदलेली होती. साठच्या दशकातील मांचे गौडा प्रकरणापासून हे तत्त्व चालत आले आहे की, शिक्षा ठरवताना मागील वर्तन विचारात घ्यायचे असेल तर ते कर्मचाऱ्याला आधी कळवले पाहिजे. म्हणून त्या ताकिदीचा उल्लेख एकतर तारखेसह नोटिशीत करावा, नाहीतर पुढे कुठेही तिचा आधार घेऊ नये. ‘आपला पूर्वेतिहासही समाधानकारक नाही’ असे मोघम वाक्य या दोहोंपैकी कशातच बसत नाही.

मुदतीनंतर काय होईल हेही सांगणे आवश्यक असते, आणि तिथेही रुळलेल्या वाक्यात एक खाच आहे. ‘खुलासा न आल्यास आपणास आरोप मान्य आहेत असे गृहीत धरले जाईल’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु मौनाचा अर्थ कबुली होत नाही. ‘मुदतीत खुलासा न आल्यास उपलब्ध अभिलेखाच्या आधारे पुढील निर्णय घेण्यात येईल’ या वाक्याने तोच कार्यभाग साधतो आणि कुणाच्या तोंडी न बोललेले शब्द घातले जात नाहीत.

नोटीस २१ ऑगस्ट रोजी निघाली आणि २३ तारखेला लिपिकाने ती दुय्यम प्रतीवर तारखेसह सही करून घेतली. कर्मचारी कार्यालयात येतच नसेल तर सेवापुस्तकात नोंदवलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह डाकेने पाठवणे, आणि त्याने घेण्यास नकार दिला तर साक्षीदारांच्या सह्यांनी पंचनामा करून तो नस्तीत लावणे, हे मार्ग असतात. मसुदा कितीही निर्दोष असला तरी तो पोचल्याचा पुरावा नसेल तर सात दिवसांची मुदत सुरूच होत नाही.

खुलासा २९ ऑगस्ट रोजी आला आणि विवरणपत्राच्या अनुक्रमांकांप्रमाणे प्रसंगवार लिहिलेला होता, हा मसुद्याच्या रचनेचा पहिला दृश्य परिणाम. जुलैमधील पाच दिवसांबाबत त्याने आई ग्रामीण रुग्णालयात दाखल असल्याचे सांगून ९ ते १४ जुलै या तारखा असलेले रुग्णालयाचे कार्ड जोडले होते आणि १७ जुलै रोजी रुजू होताना रजेचा अर्ज शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे दिल्याचे म्हटले होते. त्या सहकाऱ्याला लेखी विचारले असता त्याने अर्ज घेतल्याचे मान्य केले आणि तो प्रलंबित कागदांच्या गठ्ठ्यात सापडला. आवक शाखेत तो गेलाच नव्हता. नोटिशीत ‘आवक नोंदवहीत आढळून येत नाही’ असे लिहिले होते, आणि अर्ज सापडल्यानंतरही ते विधान खरेच राहिले. ‘अर्ज दिला नाही’ असे लिहिले असते, तर ते खोटे ठरले असते. जूनमधील दोन प्रसंगांपैकी पहिल्याबाबत घरगुती अडचण असे त्रोटक कारण होते, दुसऱ्याबाबत काहीच नव्हते, आणि ऑगस्टमधील दोन दिवसांबाबत गावाहून परतणे जमले नाही इतकाच खुलासा होता. या सात दिवसांसाठी एकही कागद नव्हता.

त्यावरील टिपणी त्यामुळे छोटी झाली. जुलैचे पाच दिवस कारवाईतून वगळावेत आणि अर्जावर नियमानुसार रजेचा निर्णय घ्यावा. उरलेल्या सात दिवसांबाबतचा खुलासा, विवरणपत्र आणि ज्ञापन यांच्या प्रतींसह प्रस्ताव जिल्हा पातळीवर पाठवावा. पहिला मसुदा गेला असता तर तेरापैकी सहा दिवसांचा आरोप एका खुलाशात कोसळला असता, आणि ‘सवयीने व हेतुपुरस्सर’ हे शब्द त्या सहा दिवसांनाही चिकटलेले असल्यामुळे उरलेले सात दिवस दुय्यम ठरून आईच्या आजारपणात मुलाला निर्लज्ज ठरवणारे कार्यालय हाच प्रकरणाचा मुख्य विषय झाला असता. प्रसंग सुटे मांडल्यामुळे जे कोसळायचे ते कोसळले आणि जे टिकायचे ते टिकले.

तटस्थ भाषेची ही मर्यादाही याच प्रकरणातून दिसते की, ती चुकीच्या नोंदी दुरुस्त करत नाही. २१ जूनचा दिवस हालचाल नोंदवही उघडल्यामुळे वगळला गेला, वाक्य सौम्य केल्यामुळे नव्हे. भाषेचे काम त्यानंतर सुरू होते. जिल्हा पातळीवर हा प्रस्ताव ज्या अधिकाऱ्यापुढे जातो त्याने ना तो लिपिक पाहिलेला असतो, ना ते रिकामे टेबल, ना त्यामुळे खोळंबलेले दाखले. त्याच्यापुढे फक्त नस्ती असते आणि त्या नस्तीवरून त्याला एका माणसाच्या वेतनवाढीचा निर्णय करायचा असतो. त्याला मसुदा लिहिणाऱ्याचे मत नको असते, स्वतःचे मत बनवता येईल इतकी वस्तुस्थिती हवी असते, आणि ती त्याच्यापर्यंत न गढुळता पोचवणे हेच या नोटिशीच्या मसुदाकाराचे काम आहे.